पोटातलं पाणी, बंद पडलेलं आतडं आणि तो फॉरवर्ड

"पोटाच्या कॅन्सरमधे पाणी झालं तर सुईने काढू देऊ नका, काढलं की दुप्पट भरतं आणि पेशंट खचतो. आतडं बंद झालं तर ऑपरेशन कराच, नाहीतर माणूस उपाशी जातो. मॉर्फिन लावलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. सगळ्यांना पाठवा."

कृपा करून पाठवू नका. हे वाचून घरचे लोक पाणी काढायला नको म्हणतात आणि पेशंट रात्र रात्र उशांना टेकून बसून काढतो, ते बघवत नाही.

आधी पाण्याचं. पोटाच्या आतल्या अस्तरावर कॅन्सर पसरला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या तुंबतात, म्हणून पाणी साठतं. सुईचा त्यात काही दोष नाही, काढलं तरी ते भरणार आणि नाही काढलं तरी भरणार, बऱ्याच जणांना आठ-पंधरा दिवसांत परत. पण मधले दिवस श्वास नीट लागतो, चार घास जातात, आडवं होता येतं, आणि ते दिवस थोडे नसतात हो. सोनोग्राफीवर जागा बघून, तेवढ्या जागेपुरती भूल देऊन, बारीक नळी घालतात आणि काही तासांत तीन ते पाच लिटर काढतात. "खचतो" ही भीती मुळात लिव्हर सिरॉसिसच्या पेशंटवरून आलीय, त्यांचं खूप पाणी एकदम काढलं तर बीपी पडतं म्हणून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन शिरेतून देतात. कॅन्सरच्या पाण्यात पाच लिटरपर्यंत सहसा ते लागत नाही, बीपीवर लक्ष मात्र ठेवायचंच. लघवीच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत, अपवाद म्हणजे लिव्हरमधेच गाठी भरल्यात आणि पाणी त्या दाबामुळे झालंय असे पेशंट. दर आठवड्याला हॉस्पिटल गाठावं लागत असेल तर कातडीखालून कायमची नळी बसवतात, मग घरीच थोडं थोडं काढता येतं. नंतर ताप आला किंवा पोट खूप दुखायला लागलं तर जंतुसंसर्ग असू शकतो, लगेच दाखवायचं.

आता आतड्याचं. समजा 58 वर्षांच्या एक काकू, ओव्हरीचा कॅन्सर, दोन-तीन वेळा केमो झालेल्या. दिवसातून सात-आठ उलट्या, पोटात कळा, गॅससुद्धा सुटत नाही, आणि सीटी स्कॅनमधे आतडं तीन ठिकाणी आवळलेलं, शिवाय पाणी. एक जागा मोकळी केली तरी बाकीच्या दोन तशाच राहतात, टाके नीट भरत नाहीत, आणि उरलेले दिवस हॉस्पिटलमधे जाऊ शकतात. अडथळा एकाच ठिकाणी असेल आणि तब्येत धड असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ऑपरेशन किंवा आतडं उघडं ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, जरूर विचारा, सर्जनचं मत प्रत्येकाने घ्यावंच.

काकूंना त्रास नुसत्या अडथळ्याचा नाहीये. पोट, स्वादुपिंड आणि आतडं मिळून रोज सात-आठ लिटर रस सोडतात, तो पुढे जात नाही म्हणून उलटून येतो. मग तो रसच कमी करायचा. ब्युस्कोपॅनने कळा आणि रस दोन्ही कमी होतात, ऑक्ट्रिओटाइडनेही रस आटतो, मळमळीला हॅलोपेरिडॉल, आतड्याची सूज उतरावी म्हणून काही दिवस डेक्सामेथासोन. हे सगळं कातडीखाली किंवा शिरेतून, कारण गोळी पोटात टिकणारच नाही. बऱ्या न होणाऱ्या पेशंटची काळजी घेणाऱ्या लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसच्या डॉ. मेरी बेन्स यांनी ऑपरेशनशिवाय औषधांवर असा त्रास सांभाळता येतो हे 1985 सालीच लिहून ठेवलंय. ऑक्ट्रिओटाइड महाग आहे, आणि 2015 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ते इतर औषधांच्या जोडीला दिल्याने उलटी नसलेले दिवस वाढले नाहीत, त्यामुळे दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही तर कर्ज काढून ते चालू ठेवू नका असं मला वाटतं.

उलट्या पूर्ण थांबतील असं वचन कुणी देऊ नये. सातच्या एकदोन होणं हेच खरं यश. तरी थांबत नसतील तर काही दिवस नाकातून नळी, आणि जास्त दिवस लागणार असतील तर एंडोस्कोपीने पोटाच्या भिंतीतून जठरात नळी घालतात, रस बाहेरच्या पिशवीत जातो. मग काकूंना चहा, पेज, सरबत चवीने घेता येतं, पोटात न टिकता नळीतून गेलं तरी तोंडाला चव मिळतेच. "उपाशी" म्हणून सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या तर रस आणि पोटातलं पाणी दोन्ही वाढू शकतं, तहान बहुतेक वेळा घोटभर पाण्याने, बर्फाच्या तुकड्याने आणि ओठ-तोंड ओलं ठेवण्याने भागते.

मॉर्फिन सतत दुखणाऱ्या पोटासाठी आहे. नीट डोस दिला तर त्याने कुणी लवकर जात नाही, उलट दुखणं थांबलं की माणूस बोलतो, झोपतो. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड मात्र घरच्या घरी देऊ नका, ते आतडं ढकलतं, पूर्ण बंद असेल तर कळा वाढतात. आणि मधूनमधून येणारी कळ एकदम सतत, असह्य झाली, पोट लाकडासारखं कडक लागलं, ताप चढला तर आतडं फुटलेलं असू शकतं, तेव्हा रात्र असली तरी सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.