गदा खरी, टँकरही खरा होता

"भावांनो, आपल्या पैलवानाचा चांदीच्या गदेचा फोटो तपासायच्या साइटवर टाकून बघितला. तिथं एआय म्हणून लिहून आलंय, म्हणजे गदा बी खोटी आणि फोटो बी खोटा. ज्या फोटोत असली खूण सापडत नाही तोच ओरिजिनल समजायचा. तसं ह्या खुणांना बी काय अर्थ नाही म्हणा, स्क्रीनशॉट मारला की सगळं जातंय. पुढं पाठवा."

ग्रुपवर फिरलेल्या या मेसेजमध्ये "पुढं पाठवा"च्या आधीची दोन वाक्यं एकमेकांचेच पाय ओढतात. खूण स्क्रीनशॉटनं जात असेल, तर खूण नसलेला फोटो ओरिजिनल कसा ठरतो? पण आधी पहिला आरोप, कारण त्यातला आरोपी मीच आहे. तो फोटो माझ्या स्टुडिओत दुरुस्त झालाय.

खासबागेत कुस्ती झाल्यावर पैलवानाच्या भावानं तो आपल्या पिक्सेल १० फोनवर काढला. खांद्यावर गदा, अंगाला लाल माती, आणि डाव्या बाजूला मागं नेमका पाण्याचा टँकर. घरच्यांना फ्लेक्स करायचा होता, टँकर नको होता. मी फोन केबलनं लावून मूळ फाइल घेतली, फोटोशॉपमध्ये टँकरभोवती सिलेक्शन केलं आणि एआयनं जागा भरणारं जनरेटिव्ह फिल मारलं. टँकर गेला, तिथं गर्दी आणि आभाळ भरून आलं. एक्स्पोर्ट करताना कंटेंट क्रेडेन्शियल सुरू ठेवलं. बंद ठेवलं असतं तर हा मेसेज निघालाच नसता, ही त्यातली गंमत.

कंटेंट क्रेडेन्शियल म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच बसणारी सहीची नोंद. फोटो कशानं काढला, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, त्यात काय केलं, एवढं तिच्यात लिहिलेलं असतं. सोबत त्या फोटोच्या डेटावरून काढलेला एक आकडा असतो आणि या सगळ्यावर त्या कंपनीची डिजिटल सही. नंतर कुणी एखादा पिक्सेल जरी बदलला, तरी आकडा जुळत नाही आणि तपासणीत गडबड दिसते. सीटूपीए नावाचं हे मानक अडोबी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, बीबीसी वगैरेंनी २०२१ मध्ये एकत्र येऊन सुरू केलं.

आता तोच फोटो contentcredentials.org/verify वर टाका आणि पहिल्या ओळीवर थांबू नका. एआयचा उल्लेख आहे, पण कुठला ते बघा. अख्खा फोटो सॉफ्टवेअरनं बनवला असेल तर नोंदीत `trainedAlgorithmicMedia` असतं. खऱ्या फोटोत काही भाग एआयनं भरला असेल तर `compositeWithTrainedAlgorithmicMedia`. आमच्या फोटोला दुसरं लागू होतं. आपल्या भाषेत, पहिला म्हणजे नवं शिवलेलं कापड, दुसरा म्हणजे ठिगळ.

ठिगळ कुठं आहे ते शब्दांत लिहिलेलं नसतं, पण पुढची पायरी ते दाखवते. फोटोशॉपनं मूळ फाइल "घटक" म्हणून नोंदवलेली असते, तिच्या लहान चित्रासकट आणि तिच्या स्वतःच्या सहीसकट. त्यावर क्लिक केलं की फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो समोर येतो. त्यात गदा खांद्यावरच आहे आणि टँकरही आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा, फरक फक्त डाव्या कोपऱ्यात दिसेल. मी गदा चिकटवली असती तर त्या घटकाच्या चित्रात पैलवानाचा खांदा मोकळा दिसला असता. ज्या नोंदीवरून आरोप झाला, तीच नोंद साक्षीदार आहे. फक्त तिला अर्धवट विचारलं गेलं.

खूण नसलेला फोटो ओरिजिनल, हे मी माझ्या कपाटावरून खोडून काढू शकतो. तिथं वीस वर्षांच्या लग्नांचे फोटो आहेत, एकाही फाइलमध्ये ही नोंद नाही, कारण त्या कॅमेऱ्यांना ती लिहिताच येत नव्हती. आजही बहुतेकांच्या हातातले फोन ती लिहीत नाहीत. म्हणजे खऱ्या फोटोंत ती नसणं हेच नेहमीचं. उलट बाजूनं, घरच्या कॉम्प्युटरवर चालणारी खुली चित्रसाधनं आहेत. त्यांच्यात खूण उमटवण्याचं काम कोडमधली एक वेगळी पायरी असते, आणि ती पायरी काढून टाकणं ज्याला जमतं त्याला कुणी अडवत नाही.

शिवाय व्हॉट्सअॅप. आमचाच फ्लेक्सचा फोटो मी एका नंबरवर दोनदा पाठवून बघितला. फोटो म्हणून पाठवला तेव्हा व्हॉट्सअॅपनं तो दाबून लहान केला, आणि उतरवून तपासल्यावर नोंद नाही असं आलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तेव्हा सगळी नोंद जशीच्या तशी. एकच फोटो, एकदा "एआय" आणि एकदा "ओरिजिनल". या नियमानं निकाल फोटोवर नाही, पाठवणाऱ्याच्या बोटावर ठरतो. नोंद सापडली नाही याचा अर्थ एवढाच, की या फाइलकडं सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. मग ज्यानं काढला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवायची.

स्क्रीनशॉटचं अर्धं खरं आहे. फाइलला जोडलेली नोंद त्यात जाते, कारण स्क्रीनशॉट ही वेगळीच नवी फाइल असते. अदृश्य वॉटरमार्क मात्र फाइलला जोडलेला नसतो, चित्रातच मुरलेला असतो. असंख्य पिक्सेलांची छटा डोळ्याला कळणार नाही इतकी हलवलेली असते, आणि तो नमुना चित्रभर पसरलेला असतो. म्हणून कडेचा भाग कापला, फोटो दाबला किंवा फिल्टर मारला तरी उरलेल्या भागातून तो बहुतेकदा वाचता येतो. गूगलनं २०२३ मध्ये आणलेला सिंथआयडी याच जातीचा. काही पद्धतींत वॉटरमार्कमध्ये एक छोटा क्रमांक असतो. त्यावरून दुसरीकडं जपलेली सहीची नोंद शोधून परत जोडता येते, म्हणजे गळून पडलेलं पानही सापडतं.

पण अति भरवसाही नको. सिंथआयडीची तपासणी सिंथआयडीच ओळखते. ज्या साधनानं सिंथआयडी उमटवलेलाच नाही, त्यानं बनवलेल्या चेहऱ्यावर ती गप्प बसते. बदल फार लहान असेल, मागचं एखादं फूल रंगवण्याएवढा, तर खूण पकडता येण्याइतकी उमटत नाही असं गूगलच सांगतं. माणसाच्या फोटोत हे जास्त बोचतं. हातातला ताकाचा पेला दारूचा करायला फोटोतली किती जागा लागते?

मेसेजवाल्याला खरा बोचरा मुद्दा सुचलाच नाही, म्हणून मीच सांगतो. कॅमेऱ्याची सही "हा फोटो या कॅमेऱ्यानं टिपला" एवढंच म्हणते. एआयनं बनवलेलं चित्र मोठ्या पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला, तर सही तरीही खरीच येईल. २०२५ मध्ये निकॉनच्या एका कॅमेऱ्यात तर दुहेरी एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोवर दुसरा फोटो घेण्याची सोय, वापरून नोंद नसलेल्या चित्रावर सही मिळवता येते असं उघड झालं, आणि सहीसाठी दिलेली प्रमाणपत्रं कंपनीला रद्द करावी लागली. सही कुणाची आणि ती अजून चालू आहे का, हेही त्या तपासणीच्या पानावर बघावं लागतं ते यासाठी.

काल पैलवानाच्या भावानं दोन्ही फाइली डॉक्युमेंट म्हणून ग्रुपवर टाकल्या. तासाभरानं मेसेजवाल्याचं उत्तर आलं: "गदेचं पटलं. पण टँकर कशाला काढला? तो आमच्या गल्लीनं दिलता."