शाना तोवा म्हणा, पण सणाच्या सकाळी नको

फिरत असलेला मेसेज असा आहे: "इस्रायली क्लायंट असेल तर लक्षात ठेवा. रोश हशाना म्हणजे त्यांचा एक जानेवारी. त्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी 'माझल तोव' किंवा 'हाग सामेआख' असा मेसेज टाका. दहा दिवसांनी यॉम किप्पूर येतो, तेव्हाही तसाच टाका. समोरून हिब्रूत ठरलेलं उत्तर आलं नाही तर क्लायंट नाराज आहे असं समजा. शुभेच्छांसोबतच बाकी बिलाची आठवण करा, नवीन वर्षाला ते लोक हिशोब मिटवतात."

यातली एक गोष्ट अर्धी बरोबर आहे, ती पुढे येईलच. आधी वेळेचं बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

रोश हशाना, म्हणजे ज्यू नवीन वर्ष, हा हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याचा पहिला आणि दुसरा दिवस. आपल्यासारखंच ते चंद्रावर चालणारं आणि अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखणारं पंचांग आहे, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, सण 22 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला आणि त्याच दिवशी आपल्याकडे घटस्थापना होती. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून कॅलेंडरवर छापलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच सण लागतो. सण पाळणारा माणूस त्या क्षणापासून फोन आणि लॅपटॉपला हात लावत नाही, आणि इस्रायलमध्येही हा सण एक नव्हे, सलग दोन दिवसांचा असतो.

2026 चंच उदाहरण घेऊ. हिब्रू वर्ष 5787 लागतं शुक्रवारी, 11 सप्टेंबरला, सूर्यास्ताला. तिथे तेव्हा सातच्या आसपासची वेळ असते आणि आपलं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे इथे साधारण साडेनऊ. शनिवार 12 आणि रविवार 13 हे सणाचे दोन दिवस. त्यात शनिवार हा शब्बाथ, म्हणजे दर आठवड्याचा विश्रांतीचा दिवससुद्धा आहे. इस्रायलमध्ये कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार असतो, त्यामुळे या वर्षी बहुतेक ऑफिसं गुरुवारी 10 तारखेलाच आवरतील आणि थेट सोमवारी 14 ला उघडतील. आता शनिवारी सकाळी 'सगळ्यात आधी' टाकलेल्या मेसेजचं काय होतं ते बघा. धार्मिक क्लायंट तो रविवारी रात्री वाचतो, तोही शंभर मेसेजच्या ढिगात. क्लायंट धार्मिक नसला तर तो कुटुंबासोबत जेवणाच्या टेबलावर असतो आणि कामाच्या माणसाचं नाव स्क्रीनवर उमटतं. यातलं काहीच तुम्हाला नको असतं. मेल जावा बुधवारी 9 ला किंवा गुरुवारी 10 ला, तिथल्या दुपारच्या आत. इस्रायली लोक एकमेकांनाही शुभेच्छा सणाच्या आधीच्या आठवड्यातच देतात. त्या दिवसांत मीटिंग संपतानाही सगळे हेच म्हणून उठतात.

14 सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. म्हणजे तिकडचं ऑफिस उघडेल त्याच दिवशी पुण्या-मुंबईतलं बंद असेल. हे त्याच मेलमध्ये एका ओळीत सांगून टाकलेलं बरं.

'त्यांचा एक जानेवारी' हेही खरं नाही. इस्रायलमधला धंदा, पगार आणि कर जानेवारी ते डिसेंबर याच वर्षावर चालतात. एक जानेवारी तिथे सुट्टीचा दिवस नसतो, पण कामाच्या मेलमध्ये त्या वेळी नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या तर कुणी भुवया उंचावत नाही. रोश हशानाची जात वेगळी. परंपरेनुसार या दिवशी प्रत्येकाचं पुढचं वर्ष लिहिलं जातं आणि दहाव्या दिवशी, यॉम किप्पूरला, त्यावर शिक्का बसतो. शुभेच्छांचे शब्द याच कल्पनेतून आले आहेत, म्हणून ते तारखेप्रमाणे बदलतात.

आता शब्द. 'माझल तोव' हे नवीन वर्षाला म्हणत नाहीत. मूल झालं, लग्न ठरलं, बढती मिळाली, म्हणजे झालेल्या गोष्टीचं अभिनंदन करायचं तर माझल तोव. हा गोंधळ कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. हिऱ्यांच्या बाजारात, मग तो तेल अवीवजवळचा रामात गान असो की आपलं बीकेसी, सौदा पक्का झाला की हात मिळवून 'माझल' म्हणतात. तिथे ऐकलेला शब्द सणाला चिकटवला गेला असणार.

'हाग सामेआख' म्हणजे सणाच्या शुभेच्छा, आणि हीच ती अर्धी बरोबर गोष्ट. इस्रायलमध्ये रोश हशानाला लोक सर्रास हे म्हणतात, त्यामुळे चूक धरणार नाही कुणी. काही धार्मिक लोकांना मात्र हा न्यायाचा दिवस असल्यामुळे नुसता आनंदाचा शब्द थोडा हलका वाटतो. क्लायंटला लिहिताना जे सगळ्यांना चालतं तेच घ्यावं: 'शाना तोवा', चांगलं वर्ष जावो. थोडी ऊब हवी तर 'शाना तोवा उमेतुका', चांगलं आणि गोड वर्ष. त्या रात्री सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात, तो गोडवा यात आहे. 'उमेतुका' नवख्या माणसानं लिहिलं तरी ओढूनताणून वाटत नाही.

याहून औपचारिक एक शुभेच्छा आहे, 'क्तिवा वे-खातिमा तोवा', चांगलं लिहिलं जावो आणि चांगला शिक्का बसो. ती सणाच्या आधी देतात. पहिली रात्र उलटल्यावर जुन्या वळणाचे लोक 'लिहिलं जावो' म्हणणं टाळतात. सज्जन माणसाचं नाव पहिल्याच दिवशी लिहून झालं, असं ते धरतात. उशिरा 'तुझं लिहिलं जावो' म्हणणं म्हणजे तू अजून प्रतीक्षायादीत आहेस असं सुचवणं. सण उलटल्यावर आठवण झाली तर म्हणूनच ही शुभेच्छा वापरू नका. सोमवार 14 पासून 'शाना तोवा' चालतंच, आणि त्या दिवसांतला खास शब्द आहे 'ग्मार खातिमा तोवा', शेवटचा शिक्का चांगला बसो.

यॉम किप्पूरला 'तसाच' मेसेज टाकणं ही या यादीतली सर्वात वाईट सूचना. हा साधारण 25 तासांचा निर्जळी उपास आणि प्रायश्चित्ताचा दिवस आहे. इस्रायलमध्ये त्या दिवशी विमानतळ बंद असतो, दूरदर्शनचं प्रसारण थांबतं, रस्त्यांवर गाड्या नसतात. या दिवशी 'हॅपी' काही नसतं. 2026 मध्ये तो रविवारी 20 सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो आणि सोमवारी 21 ला रात्री सुटतो. गुरुवारी 17 पर्यंत एखादा कामाचा मेल जाणारच असेल तर त्याच्या शेवटी 'ग्मार खातिमा तोवा' एवढं लिहावं. वेगळा मेसेज नको. उपास सोपा जावो अशा अर्थाचं 'त्सोम काल'ही म्हणतात, पण समोरचा उपास करतो की नाही हे माहीत असल्याशिवाय ते म्हणू नये.

उत्तराबद्दल. ठरलेलं उत्तर आहे, पण ते मंत्रासारखं नाही. 'तोदा, गाम लेखा', म्हणजे धन्यवाद, तुलाही. हे पुरुषाला. बाईला म्हणायचं 'गाम लाख', आणि अनेकांना 'गाम लाखेम'. कुणी नुसतं 'शाना तोवा' परत म्हणतं, कुणी तुमच्या 'शाना तोवा'ला 'शाना तोवा उमेतुका' असं वाढवून परत देतं, कुणी अंगठा टाकतं. चारही उत्तरं पूर्ण आहेत. सणाच्या धांदलीत काहीच न आलं तर त्याचाही अर्थ काढू नका.

तुम्हाला उत्तर द्यायची वेळ आली तर मराठी माणसाची एक सवय आड येते. आदरानं 'तुम्हालाही' म्हणायचं म्हणून आपण अनेकवचन घेतो आणि एकट्या क्लायंटला 'गाम लाखेम' लिहितो. हिब्रूत रोजच्या बोलण्यात असं आदरार्थी बहुवचन नाही. कंपनीचा मालक असला तरी एकट्याला 'लेखा'च. 'लाखेम' लिहिलं तर तो 'तुम्हा सगळ्यांना' असं वाचेल, म्हणजे टीमला किंवा घरच्यांना उद्देशून असेल तरच ते बसतं. नावावरून बाई की पुरुष कळत नसेल, आणि नोआम, ताल, गाल अशी दोघांचीही नावं तिथे भरपूर आहेत, तर 'लेखा-लाख'च्या भानगडीत न पडता 'शाना तोवा उमेतुका' परत लिहा. हिब्रू लिपीत हा प्रश्न येत नाही, 'लेखा' आणि 'लाख' एकाच दोन अक्षरांत लिहितात.

आणखी एक, जे मूळ मेसेजमध्ये नाहीच. इस्रायली म्हणजे ज्यू हे गृहीत धरू नका. तिथले साधारण पाचवा हिस्सा नागरिक अरब आहेत. उलट ठाण्यातला किंवा अलिबागचा तुमचा ग्राहक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, असू शकतो. कोकणात या समाजात रोश हशानाला 'नव्याचा सण' असं मराठी नाव होतं. त्याला मराठीत शुभेच्छा द्या.

राहिलं बिल. दिवाळीला वह्यांची पूजा करून हिशोब मिटवण्याची आपली पद्धत त्यांच्यावर लादली गेली आहे. तिथे पैसे देण्याची मुदत बहुधा 'शोतेफ' पद्धतीनं ठरते: बिल ज्या महिन्यातलं, तो महिना संपल्यावर अमुक दिवस. 10 सप्टेंबरचं बिल 'शोतेफ अधिक 30' असेल तर दिवस मोजायला सुरुवात होते 30 सप्टेंबरला आणि पैसे येतात 30 ऑक्टोबरला. मधे नवीन वर्ष आलं म्हणून त्यात काही बदलत नाही. मुदत आधीच उलटून गेली असेल तर आठवण वेगळ्या मेलमध्ये करा, 14 ते 17 सप्टेंबरच्या दरम्यान. शुभेच्छांच्या मेलमध्ये हे असावं:

"तुला, घरच्यांना आणि सगळ्या टीमला शाना तोवा उमेतुका. आमचं ऑफिस 14 ला गणेश चतुर्थीमुळे बंद आहे, 15 ला बोलू."

एवढंच. 'सर' नको, ते पहिल्या नावानंच बोलतात. आणि 17 नंतर काही मोठं विचारलंत तर 'अखारेइ हा-खागिम' असं उत्तर येईल, सगळे सण झाल्यावर. ते टाळणं नसतं. पुढचा सण सुक्कोत 25 च्या संध्याकाळी लागतो आणि त्याचा शेवटचा दिवस 3 ऑक्टोबर, शनिवार. कामाला जोर येतो रविवारी 4 ऑक्टोबरला, तेव्हा करार, दर आणि नव्या ऑर्डरीचे मेल त्या दिवसासाठी ठेवा.