बाराने भागलं की झालं?

परभणीत पावसाचं काही सांगता येत नाही, शाळेच्या फीचा मेसेज मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात हमखास बरसतो. मग आबा खाटेवरून ठराव मांडतात, "त्या फंडातून काढा की थोडे." इक्विटी फंडातली वर्षाच्या आतली युनिटं विकली की नफ्यावर २० टक्के कर, बहुतेक वेळा वर लवकर पैसे काढल्याचा दंड, म्हणजे एक्झिट लोड. आणि बाजार नेमका त्याच आठवड्यात आडवा.

यंदा जानेवारीत बायकोनं वही काढली. मार्चात आरोग्य विम्याचे २४,०००, जूनला दोन पोरांची फी ४८,०००, ऑगस्टात टर्म विमा १८,०००, महालक्ष्म्या १०,०००, दिवाळी १८,०००, गाडीचा विमा २,०००. एकूण १,२०,०००. मी लगेच बाराने भागलं आणि महिन्याला १०,००० म्हणून मिशीवर हात फिरवला.

"अहो, जूनपर्यंत चालवून तर बघा," ती म्हणाली.

चालवलं. मेअखेर पाच हप्त्यांचे ५०,०००, त्यातून मार्चचा विमा गेला, उरले २६,०००. फी ४८,०००. म्हणजे २२,००० चा खड्डा. भागाकार बरोबर होता, पण शाळा काही डिसेंबरपर्यंत थांबत नाही. पुढचे महिने तपासले तर ऑगस्टातही खड्डा, पण २०,००० चाच, आणि दिवाळीत १८,००० चा. सगळ्यात खोल खड्डा तेवढा आधी भरायचा. म्हणून पहिल्याच दिवशी २२,००० टाकले. हे पैसे खर्चाचे नाहीतच. डिसेंबरअखेर ते जसेच्या तसे उरतात आणि पुढच्या जूनला पुन्हा कामी येतात.

आरडी करावी म्हटलं, तर ती एकाच तारखेला पिकते आणि आमचे देणेकरी वर्षभर पसरलेले. शेवटी वेगळं बचत खातं काढलं, तेही तिच्या नावावर. त्याचं कार्ड घेतलं नाही, यूपीआय जोडलं नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप तिकडे जातात. मला त्यातली शिल्लक तेवढी ऐकायला मिळते, तीही ती खुशीत असली तर.

वही मिटणार एवढ्यात आबा खाटेवरून म्हणाले, "अन् धोंड्याचा महिना?"

अधिक मास! साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो, म्हणून वार्षिक यादीत कधी सापडतच नाही. दाजींना जेवण, ३३ अनारसे, कपडे. अंदाजे ९,६०० धरले आणि ३२ ने भागून महिन्याला ३०० वाढवले. यंदाचा धोंडा मे-जूनमध्येच होता, फीच्या खांद्याला खांदा लावून, आणि तोवर त्या तीनशांचे जेमतेम १,५०० साचणार होते. उरलेले ८,१०० वेगळे टाकून २२,००० चे ३०,१०० करावे लागले.

एवढं झाल्यावर आबा म्हणाले, "दाजीला चांदीचं ताट द्यायचं राहिलंय, बरं का."

बायकोनं मुकाट्यानं खोडरबर मागितला.