टॅगमध्ये मोठ्या ब्रँडचं नाव टाकल्याने व्ह्यूज वाढतात का?

> "यूट्यूबवर व्हिडिओ टाकताना टॅगमध्ये मोठ्या ब्रँडची आणि सेलिब्रिटींची नावं टाका, त्यांचं ट्रॅफिक आपल्याकडे वळतं. टॅग प्रेक्षकाला दिसतच नाहीत, मग फसवणूक कसली? सगळे मोठे चॅनेल हेच करतात, कुणाचा व्हिडिओ उडालाय?"

आधी ट्रॅफिकचं बघू, कारण बाकी सगळी इमारत त्यावर उभी आहे.

टॅगची चौकट अपलोड करताना `Details` पानावर `Show more` दाबल्यावर तळाशी उघडते. तिच्यात एकूण 500 अक्षरं मावतात. यात स्वल्पविरामही धरले जातात, आणि दोन शब्दांच्या टॅगला अवतरणचिन्हांची दोन अक्षरं जास्त लागतात. ही चौकट कशासाठी आहे ते यूट्यूबने आपल्या मदतपानावर सरळ लिहून ठेवलंय: व्हिडिओ सापडण्यात शीर्षक, थंबनेल आणि वर्णन महत्त्वाचं, टॅगचा वाटा अगदी थोडा. लोक एखादा शब्द हमखास चुकीचा लिहीत असतील, तर तिथे टॅग उपयोगी पडतात. मराठी चॅनेलला हा उपयोग चांगला होतो, कारण आपला प्रेक्षक बऱ्याचदा रोमन लिपीत शोधतो आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं असतं. `misal masala`, `missal masala`, `misal masla` आणि देवनागरीतलं 'मिसळ मसाला' ही चारही रूपं टॅगमध्ये असायला काहीच हरकत नाही. त्या चौकटीचं काम साधारण एवढंच.

आता समजा, एका घरगुती मसाल्याच्या चॅनेलने मिसळ मसाल्याच्या आठ मिनिटांच्या व्हिडिओला 'सुहाना', 'बेडेकर' आणि 'संजीव कपूर' असे टॅग लावले. व्हिडिओत यांपैकी कुणीच नाही. 'बेडेकर मिसळ मसाला' असं शोधणाऱ्यासमोर तो व्हिडिओ येईल का? ज्या व्हिडिओंच्या शीर्षकात ते नाव आहे आणि जे लोकांनी शेवटपर्यंत पाहिले आहेत, ते आधी येतील. शंका असेल तर आपल्याच व्हिडिओवर तपासून पाहा. `Analytics` मध्ये `Reach` टॅब उघडा, ट्रॅफिकच्या स्रोतांमध्ये `YouTube search` वर क्लिक करा. कोणते शब्द शोधून लोक आले, त्याची यादी तिथे मिळते. उसन्या नावांचा तिथे मागमूस नसेल, तर 500 पैकी तेवढी अक्षरं फुकट गेली.

खरी गडबड इथून सुरू होते. टॅगने काही होत नाही हे लक्षात आलं की तीच नावं वर्णनात जातात, तिथून हॅशटॅगमध्ये, आणि शेवटी शीर्षकात किंवा थंबनेलवर. ही नावं शीर्षकात आली की क्लिक खरोखर वाढतात. वरचाच व्हिडिओ घेऊ. आकडे गृहीत धरलेले आहेत, फक्त हिशेब समजण्यासाठी. खरं शीर्षक असताना व्हिडिओ 10,000 वेळा लोकांसमोर आला, त्यातल्या 5 टक्क्यांनी क्लिक केलं, म्हणजे 500 व्ह्यूज. प्रत्येकाने सरासरी चार मिनिटं पाहिला, तर 2,000 मिनिटं झाली, म्हणजे साधारण 33 तास. शीर्षकात दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव घातल्यावर क्लिक 8 टक्क्यांवर गेले आणि व्ह्यूज झाले 800. पण आलेला माणूस त्या ब्रँडचं पाकीट शोधतोय. ते दिसत नाही म्हटल्यावर तो पन्नास सेकंदांत निघून जातो. एकूण पाहणं झालं 667 मिनिटं, म्हणजे अकरा तास. व्ह्यूजचा आकडा दीडपटीहून वर गेला, पाहण्याचा वेळ मात्र एक तृतीयांशावर आला. व्हिडिओवरच्या जाहिरातींतून कमाई सुरू व्हायची तर 1,000 सदस्यांबरोबर बारा महिन्यांत 4,000 तासांचं पाहणं लागतं (शॉर्ट्सचा रस्ता वेगळा). तिथे तास मोजले जातात, व्ह्यूज नाही. शिवाय लोक पहिल्या मिनिटातच निघून जातात हे यूट्यूबलाही दिसतं, आणि असा व्हिडिओ पुढे कुणाला सुचवायचा हे ठरवताना ते विचारात घेतलं जातं.

टॅग दिसत नाहीत, हे अर्धंच खरं आहे. 2012 पर्यंत ते व्हिडिओच्या पानावर उघड दिसायचे, नंतर तिथून काढले गेले. पण कॉम्प्युटरवर व्हिडिओचं पान उघडून `Ctrl+U` दाबा आणि `keywords` शोधा. अशी ओळ सापडते:

```html
<meta name="keywords" content="मिसळ मसाला, misal masala, ...">
```

व्हिडआयक्यू किंवा ट्यूबबडी यांच्यासारखी ब्राउझरमध्ये बसणारी साधनं तर हीच यादी शेजारी मांडून दाखवतात. ज्या ब्रँडचं नाव उचललंय, त्यांच्या मार्केटिंगवाल्यांना ती दोन क्लिकमध्ये मिळते. तेव्हा लपवल्याचं समाधान फक्त लपवणाऱ्याला. आणि प्रेक्षकाची फसवणूक टॅग वाचून होत नसतेच. 'बेडेकर' शोधलं आणि भलताच मसाला समोर आला, की फसवणूक झाली. यादी त्याने पाहिली की नाही, याने त्यात फरक पडत नाही.

मोठ्या चॅनेलचं उदाहरण देताना नेहमी एक गोष्ट सुटते. मराठी मालिका दाखवणाऱ्या चॅनेलच्या टॅगमध्ये कलाकारांची नावं असतात, कारण ते कलाकार व्हिडिओत असतात. कंपनीच्या स्वतःच्या चॅनेलवर कंपनीचं नाव असणारच. वरच्या साधनांमधून तीच यादी उचलून आपल्या व्हिडिओला चिकटवली, की नावांचा आणि व्हिडिओचा संबंध तुटतो. 'सगळे हेच करतात' ही समजूत बरीचशी या उचलेगिरीतून आली आहे. आणि कुणाचा उडाला हे विचारण्यात फारसा अर्थ नाही, कारण उडालेला व्हिडिओ यादीत दिसतच नाही. दिसतात ते उरलेले.

कारवाई कशी होते, ते तपशिलात पाहण्यासारखं आहे. यूट्यूबच्या स्पॅम आणि फसवणुकीच्या नियमांत शीर्षक, थंबनेल किंवा वर्णन वापरून 'व्हिडिओत जे नाही ते आहे' असं भासवायला मनाई आहे. व्हिडिओशी काही संबंध नसलेल्या प्रसिद्ध व्यक्तीचा फोटो थंबनेलवर लावणं, हे तिथे दिलेलं उदाहरणच आहे. वर्णनात टॅगांची लांबलचक यादी ओतायलाही याच नियमांत बंदी आहे. हॅशटॅगचे नियम वेगळे आहेत: व्हिडिओशी संबंध नसलेला हॅशटॅग लावला तर व्हिडिओ काढला जाऊ शकतो, आणि 60 पेक्षा जास्त लावले तर त्या व्हिडिओचे सगळेच हॅशटॅग दुर्लक्षित होतात, व्हिडिओशी खरोखर संबंध असलेलेसुद्धा.

पहिल्या वेळी सहसा इशारा मिळतो. छोटं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि पुढचे 90 दिवस तोच नियम पुन्हा मोडला नाही, तर तो इशारा पुसला जातो. नाहीतर पुढच्या चुकीला स्ट्राइक. पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा काहीही अपलोड करता येत नाही. 90 दिवसांत दुसरा आला तर दोन आठवडे, आणि त्याच 90 दिवसांत तिसरा आला तर चॅनेलच जातं. स्ट्राइक आल्यावर घाबरून व्हिडिओ डिलीट करणारे बरेच असतात. त्याने स्ट्राइक जात नाही. चूक झाली नाही असं वाटत असेल तर यूट्यूब स्टुडिओतून अपील करायचं. भारतापुरती आणखी एक गोष्ट: शीर्षक किंवा थंबनेलमध्ये एक सांगून व्हिडिओत दुसरंच दाखवणाऱ्यांवर, विशेषतः ताज्या बातम्यांच्या बाबतीत, जास्त कडक कारवाई करणार असं यूट्यूबने डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केलं. सुरुवातीला असे व्हिडिओ स्ट्राइक न देता काढणार, असंही त्यात होतं. स्ट्राइक नसला तरी व्हिडिओ गेला तो गेलाच, आणि त्यावरचे पाहण्याचे तासही.

कायद्याचं चित्र मात्र इतकं सरळ नाही, आणि उगाच बागुलबुवा उभा करायचं कारण नाही. गूगलच्या जाहिरातींमध्ये प्रतिस्पर्ध्याचं नाव कीवर्ड म्हणून वापरलं, एवढ्यानेच ट्रेडमार्कचा भंग होत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं. ग्राहकाचा गोंधळ होतो का, हा प्रश्न निर्णायक ठरला. मेकमायट्रिप आणि बुकिंग डॉट कॉमच्या वादात तो होत नाही असं ठरलं, कारण दोन्ही नावं लोकांना वेगवेगळी माहीत आहेत. घरगुती मसाल्याला या निकालाचा आधार घेता येईलच असं नाही. त्याचं नाव कुणाला माहीत नसतं, त्यामुळे 'हाही त्याच कंपनीचा असेल' असं वाटण्याची शक्यता उलट वाढते. दुसऱ्या बाजूला, 2018 मध्ये क्रिस्तियान लुबुताँ या बूट बनवणाऱ्या ब्रँडच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एका विक्री संकेतस्थळाला मेटा-टॅगमधून, म्हणजे पानाच्या कोडात लपलेल्या शब्दांमधून, ब्रँडचं नाव काढायला लावलं होतं. प्रसिद्ध व्यक्तींच्या नावाबद्दलही न्यायालयं आता ऐकून घेतात. गायक अरिजीत सिंग यांचं नाव, आवाज आणि प्रतिमा परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अंतरिम संरक्षण दिलं.

मग दुसऱ्याचं नाव कधीच घ्यायचं नाही का? तसं नाही. दोन ब्रँडचे मसाले आणि घरचा मसाला एकाच कटात वापरून चव, तिखटपणा आणि किलोमागचा खर्च दाखवला असेल, तर ती नावं शीर्षकात असलीच पाहिजेत, कारण व्हिडिओ त्यांच्याबद्दलच आहे. कसोटी सोपी आहे: ते नाव शोधून आलेल्या माणसाला हवं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतंय का? पाकीट पडद्यावर यायला पाचवं मिनिट उजाडत असेल, तर प्रेक्षकासाठी ते नाव खोटंच.

जुन्या व्हिडिओंवर ही नावं पडून असतील तर एकेक उघडत बसायची गरज नाही. स्टुडिओत `Content` मध्ये व्हिडिओंसमोरच्या चौकटी निवडा, वर येणाऱ्या `Edit` मधून `Tags` घ्या आणि ती नावं सगळ्यांमधून एकदम काढा. वर्णनं मात्र हातानेच तपासा, कारण शेवटच्या ओळींत हॅशटॅगांची शेपटी हमखास राहून जाते. ही सफाई शीर्षक आणि थंबनेलपासून सुरू करा, टॅग सगळ्यात शेवटी. मग महिन्याभराने पुन्हा `Reach` उघडा. व्ह्यूज थोडे घटलेले दिसले तर लगेच जुनं शीर्षक परत लावू नका. आधी शेजारच्या `Engagement` मध्ये पाहण्याचा सरासरी वेळ किती झालाय तो बघा.