‘तुम्ही’ म्हणजे नेमकं कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा, नावांवर काळी पट्टी मारलेला स्क्रीनशॉट घेऊन कुठला मेसेज कुणाचा ते शोधलं होतं. भांडण होतं हॉल रद्द करायला कुणी सांगितलं याचं. ‘मी असं म्हणालेच नव्हते’ म्हणणारी बाई खरं बोलतेय, असं मी म्हटलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

> “पाचव्या मेसेजच्या चौकटीत वर ‘तुम्ही’ लिहिलंय, म्हणजे ती बाई स्वतःच्याच मेसेजला उत्तर देतेय. आणि ‘मी पैसे भरते’ म्हणणारीही बाईच आहे. म्हणजे आधी बोलली आणि नंतर नाकारलं, इतकं सरळ आहे. तुम्ही तिला का पाठीशी घालताय? काळ्या पट्टीखालची नावं तुम्हाला दिसतात का?”

नावं मलाही दिसत नाहीत. पण पट्टी फक्त नावावर मारली आहे, बाकीचं सगळं तसंच राहिलंय, आणि तेच कामाला येतं.

आधी ‘तुम्ही’चं बघू, कारण इथे भलेभले फसतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये रिप्लायच्या चौकटीत दिसणारं ‘तुम्ही’ हे रिप्लाय देणाऱ्यासाठी नसतं. ज्याच्या फोनवर स्क्रीनशॉट काढला, त्याच्यासाठी ते असतं. ती बाई स्वतःच्या मेसेजला रिप्लाय देत असती, तर चौकटीतही तिचंच नाव आलं असतं, म्हणजे वर एक पट्टी आणि चौकटीत दुसरी. पट्टी मारणाऱ्याने ‘तुम्ही’ तसंच सोडलं, कारण ते त्याला नाव वाटलं नाही. त्या चौकटीतला मजकूर आहे ‘ठीक ताई, करतो’. तोच मजकूर चौथ्या मेसेजमध्ये उजव्या बाजूला, मेसेज गेल्याच्या टिकांसकट आहे. उजवी बाजू आणि टिका म्हणजे फोनचा मालक. दोन्ही खुणा एकाच माणसाकडे जातात.

आता मूळ भांडण. पहिला मेसेज वरून कापला गेलाय, फक्त ‘हॉल रद्द करून टाका, मी पैसे भरते’ एवढं उरलंय. चौथ्यात फोनमालकाने तोच मेसेज चौकटीत घेऊन ‘ठीक ताई, करतो’ म्हटलं. पाचव्यात एक बाई त्याला रिप्लाय देते, ‘मी असं म्हणालेच नव्हते’. व्हॉट्सअ‍ॅप चौकटीत एकच पायरी दाखवतं. पाचव्याच्या चौकटीत ‘ठीक ताई, करतो’ दिसतं, पण ते कशाला उत्तर होतं हे दिसत नाही. म्हणून ‘असं’ हा शब्द चौकटीतल्या वाक्याला जोडून चालत नाही. चौथ्या मेसेजपर्यंत वर जाऊन त्याची चौकट वाचावी लागते, तेव्हा कळतं की ती ‘रद्द करा’ नाकारतेय.

मग पहिलं वाक्य तिचंच का नाही? चौकटीच्या डाव्या कडेला एक उभी रंगीत रेघ असते, आणि तिचा रंग ज्याचा मेसेज उचलला त्याच्या नावाचा असतो. चौथ्याच्या चौकटीतली रेघ जांभळी आहे. सहाव्यात कुणीतरी त्या बाईचाच पाचवा मेसेज उचलून ‘मग कोण म्हणालं?’ विचारलंय, तिथली रेघ नारिंगी आहे. एकाच फोनवरच्या एकाच स्क्रीनशॉटमध्ये एका व्यक्तीला दोन रंग मिळत नाहीत. म्हणजे या दोन वेगळ्या बायका. उलटं मात्र खरं नाही. रंग मोजकेच असतात, मोठ्या ग्रुपमध्ये दोघांना एकच रंग येतो. दोन्ही रेघा जांभळ्या असत्या तर मी काहीच ठामपणे म्हटलं नसतं.

‘भरते’ आणि ‘म्हणाले’ या दोन्हींतून बाई बोलतेय हे तुम्ही बरोबर पकडलंत. पण क्रियापदाने पुरुष वगळले जातात, बाई कोणती हे ठरत नाही. (काही भागांत बायकाही ‘मी भरतो’ म्हणतात, तिथे ‘भरतो’वरून बाई वगळता येत नाही.) घोळ बहुधा ‘ताई’ने झाला. ग्रुपमध्ये दोघींनाही ताई म्हणत असणार. पाचव्यातल्या बाईने चौथ्याची चौकट न बघता ‘ठीक ताई’ स्वतःला लावून घेतलं. हा माझा अंदाज आहे, रंगांसारखा पुरावा नाही.

एक गोष्ट मात्र मी मागे घेतो. ‘आठ. पण मला विचारून ठरवा’ हा दुसरा मेसेज आणि त्याखालचा ‘रद्द करायला माझी हरकत आहे’ हा तिसरा, हे दोन्ही मी याच बाईचे म्हटले होते. ते दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत हे पक्कं आहे: तिसऱ्यावर नावाची जागाच नाही, फुग्याला शेपूट नाही आणि दोघांमधली फट इतर मेसेजांपेक्षा अरुंद आहे. पण ती व्यक्ती म्हणजे पाचव्यातली बाई, याला आधार नाही. ते मेसेज पुढे कुणी उचललेले नाहीत, त्यामुळे रंग मिळत नाही. ‘माझी हरकत’मधून बाई की पुरुष तेही कळत नाही, कारण ‘माझी’ हे हरकतीला लागलंय, बोलणाऱ्याला नाही. विरोधाचा सूर जुळला म्हणून मी जोडून टाकलं. लेखात तिथे आता ‘अज्ञात’ लिहिलंय.

तुमच्याकडे त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट असेल, तर जरूर पाठवा. त्यात ‘तुम्ही’ दुसऱ्या माणसाकडे सरकेल, आणि आपल्या फोनमालकाचा ‘ठीक ताई, करतो’ डावीकडे, नावासकट येईल. जिच्या फोनवर ‘मी पैसे भरते’ उजवीकडे दिसेल, ते वाक्य तिचं.