‘तोंडी सांगतोच की’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरसाठी बुकात काय लिहायचं, याचा नमुना मी हँडबुकात दिला होता. त्यावर प्रतिक्रिया अशी आली आहे: “मॅडम, नमुना वाचायला छान आहे. पण चाळीस बेडला दोन सिस्टर असताना हे सगळं लिहिणार कोण? एसीत बसून हँडबुक लिहिणं सोपं असतं. ‘पेशंट स्टेबल, कॅथेटर काढला’ एवढं लिहिलं की झालं, बाकीचं आम्ही ओव्हर देताना तोंडी सांगतोच की. आणि तुमच्याच नमुन्यात वेळ चुकली आहे: १:१५ नंतर सहा तास म्हणजे ७:१५, ८:१५ नव्हे. शिवाय वॉर्डात इंग्रजीत लिहायचं, मग हे मराठीत शिकवून उपयोग काय? – एक स्टाफ नर्स”

सिस्टर, वेळेचं तुमचं बरोबर आहे. बेरीज चुकली होती, काल रात्रीच दुरुस्त केली. धन्यवाद.

एसीचं मात्र मला सोडून देता येणार नाही. मी एकतीस वर्षं जनरल वॉर्डात काढली, त्यातली अठरा फीमेल सर्जिकलमध्ये. आमच्या वॉर्डातले पंखे मे महिन्यातही दोनावर फिरायचे. पायांच्या शिरांचं ऑपरेशन मी एसीत बसून ओढवून घेतलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे मान्य. पण ओळखत नसाल तर विचारायचं, ठरवून मोकळं व्हायचं नाही. मुद्दा मांडायला टोमण्याची गरज नव्हती, आणि हाताखालच्या मुलींशीही तुम्ही असंच बोलत असाल तर मला त्या मुलींची काळजी वाटते.

आता तुमचं ते ‘तोंडी सांगतोच की’. हँडबुकातला हा भाग मी ज्या पेशंटमुळे लिहिला, तिच्या बाबतीतही सगळं तोंडीच झालं होतं. इव्हिनिंगला मी होते.

बेड १४. वय ४६, आदल्या दिवशी पोटातून गर्भाशय काढलेलं, स्पायनलखाली. मॉर्निंगच्या सिस्टरने १:१५ ला कॅथेटर काढला आणि दोन वाजता इंजेक्शनं मोजता मोजता मला म्हणाली, “चौदाचा कॅथेटर काढलाय गं.” मी हो म्हटलं. तिने बुकात लिहिलं होतं ‘कॅथेटर काढला, पेशंट स्टेबल’. ते खोटं नव्हतं. बीपी १२०/८०, पल्स ८२, बाई नवऱ्याशी बोलत बसल्या होत्या. कधी काढला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी विचारलं, “लघवी झाली का?” बाई म्हणाल्या, “झाली थोडी थोडी, तीन वेळा.” मी बुकात लिहिलं, ‘लघवी झाली’.

या दोन शब्दांनी घात केला. मूत्राशयात साधारण दोनशे-तीनशे मिली साठलं की माणसाला लागते. स्पायनल, दुखण्याची औषधं आणि त्या भागात झालेलं ऑपरेशन यांमुळे ती जाणीव आणि स्नायूचा जोर दोन्ही मंदावतात. मूत्राशय भरत राहतं, आणि गच्च झालं की वरचं थोडं थोडं गळतं. पेशंटला वाटतं आपल्याला होतेय. म्हणून ‘थोडी थोडी’ हे शब्द ऐकले की समाधान मानायचं नसतं, बेडपॅन मागवून मोजायचं असतं. प्रत्येक वेळी तीस-चाळीस मिलीच येत असेल तर ती लघवी झालेली नसते. मी मोजली नाही. इनटेक-आउटपुटच्या चार्टवर सलाईनच्या दोन बाटल्या लिहिलेल्या होत्या, पलीकडचा रकाना कोरा होता. तेवढं नीट बघितलं असतं तरी कळलं असतं.

त्या दिवशी जुलैचा पाऊस होता आणि कुर्ला-सायनला रुळांवर पाणी. नाईटची सिस्टर गाडीत अडकली. दहा वाजता सुपरव्हायझरने मेल वॉर्डातल्या सिस्टरला दोन्ही वॉर्डांचा चार्ज घ्यायला सांगितलं. ती आली, किल्ल्या घेतल्या, कपाटातली औषधं मोजली. दारात उभ्या उभ्या मी तिला दोन सिरीयस पेशंट सांगितले, तेही नीट. चौदा नंबर माझ्या तोंडात आलाच नाही, कारण ती सिरीयस नव्हती. तोंडी ओव्हरचं हे असंच असतं. कोण गंभीर आहे आणि काय काय झालं, ते आपण बरोबर सांगतो. जे व्हायला हवं होतं आणि अजून झालेलं नाही, ते जिभेवर येत नाही. आणि समोर जी उभी आहे तिला आपल्या वॉर्डातलं एकही नाव माहीत नसतं. तिच्या हातात फक्त बुक.

बुकात काय होतं? ‘लघवी झाली. स्टेबल.’ रात्री एकला बाई पोट दुखतंय म्हणाल्या. टाके दुखत असणार असं धरून ऑर्डरीतलं दुखण्याचं इंजेक्शन दिलं गेलं. मी असते तरी बहुतेक तेच केलं असतं. अडीचला पल्स ११२, बाई बेडवर कूस बदलत राहिलेल्या. मग त्या सिस्टरने चादर बाजूला केली. टाक्यांच्या वर, बेंबीपर्यंत गोल फुगवटा, हात लावला की बाई कळवळायच्या. डॉक्टरांनी कॅथेटर टाकला तेव्हा ११०० मिली निघाली. इतकं ताणल्यावर त्या स्नायूचा जोर लगेच परत येत नाही. बाई कॅथेटर आणि लघवीची पिशवी घेऊनच घरी गेल्या. दहा दिवसांनी काढायला आल्या तेव्हा माझ्याशी हसून बोलल्या. मला मान वर करता येईना.

दोन वाजता त्या बुकात हे लिहिलेलं असतं तर?

‘बेड १४. कॅथेटर १:१५ ला काढला. अजून लघवी झालेली नाही. प्रत्येक वेळी मोजणे. ७:१५ पर्यंत झाली नाही, किंवा थोडी थोडी झाली, तर ओटीपोट बघून डॉक्टरना कळवणे.’

घड्याळ लावून लिहून बघा, मिनिट-दीड मिनिट लागतं. यातलं ‘अजून लघवी झालेली नाही’ हे वाक्य नव्या मुली हमखास गाळतात. त्यांना वाटतं, झालं नाही ते काय लिहायचं? दुसरी गाळली जाते ती ७:१५ ही वेळ. ‘सहा तासांनी बघणे’ लिहिलं की पुढच्या सिस्टरला सहा तास कुठून मोजायचे ते शोधावं लागतं, आणि गर्दीत ती शोधत नाही. म्हणून बेरीज करून घड्याळातली वेळच लिहायची. त्याच बेरजेत माझी चूक तुम्ही पकडलीत, म्हणजे ती वेळ किती महत्त्वाची हे तुम्हालाही कळतं. मग ती न लिहिण्याचा आग्रह कशाला?

चाळीस बेडचं म्हणाल, तर चाळीस जणांचं एवढं लिहा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ज्यांचं काही अर्धवट राहिलंय त्यांचंच. त्या दिवशी बत्तीसपैकी असे सहा होते. हँडबुकात ते दुसऱ्याच परिच्छेदात आहे, वाचलं असतंत तर बरं झालं असतं. इंग्रजी-मराठीबद्दल वाद घालण्यात मला रस नाही. वॉर्डात चालतं त्या भाषेत लिहा.

एक गोष्ट मात्र हँडबुकात राहिली होती, ती आज घातली. सहा तास हा आकडा आमच्या वॉर्डातला. तुमच्या सर्जननी चार सांगितले असतील तर १:१५ च्या पुढे ५:१५ लिहा. आणि वेळ व्हायच्या आधीच पोट फुगलेलं दिसलं, तर वेळेची वाट न बघता फोन करा.