चष्म्यावर वाफ: नागपूरवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

एसीतली थंड काच बाहेरच्या गरम हवेत आली की चष्म्यावर वाफ धरते आणि साबणाने ती टाळता येते, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

«एसी हवा कोरडी करतो, मग बाहेर आल्यावर काचेवर पाणी येतं कुठून? आणि तुमचं थंड-गरमचं लॉजिक खरं असेल तर मे महिन्यात नागपुरात एसीतून ४४ डिग्रीत बाहेर पडल्यावर सगळ्यात जास्त वाफ धरायला हवी. माझ्या चष्म्यावर काहीच येत नाही. आणि साबणाने काय काच गरम होते का? काहीही!»

अहो, पाणी एसीतून येतच नाही, बाहेरच्या हवेतलंच असतं. एसी फक्त काच गार करून ठेवतो. आणि नागपूरचं तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही. बाहेर किती गरम आहे ते सोडा, बाहेरच्या हवेचा दवबिंदू किती आहे ते बघा, म्हणजे ती हवा किती डिग्रीपर्यंत गार झाली की पाणी सोडायला लागते. नागपुरात ४४ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर दवबिंदू येतो साधारण १२. तुमची काच एसीतून २४ ची होऊन आलीय, म्हणजे १२ च्या कितीतरी वर, मग वाफ धरणार कशी? आता जुलैतली मुंबई घ्या, ३० डिग्री, आर्द्रता ८० टक्के, दवबिंदू जवळपास २६. तीच २४ ची काच इथे आली की दोन्ही बाजूंनी पांढरी! म्हणून टॅक्सीतून उतरल्या उतरल्या रुमालाने पुसून काही होत नाही, काच अजून गारच असते, पुसलं की परत धरते. ती २६ च्या वर गेली की आपोआप साफ. मी तर उतरायच्या थोडं आधी एसी बंद करून खिडकी उघडतो, ड्रायव्हर वैतागतो ते वेगळं.

मास्कचंही गणित हेच, फक्त दमट हवा आपण स्वतः सोडतो. श्वास साधारण ३४ डिग्रीचा आणि वाफेने जवळजवळ भरलेला, त्यामुळे ऑफिसच्या एसीत काच लगेच धुरकटते, आणि तीही मुख्यतः आतल्या बाजूने. बोट फिरवून बघा, बाहेरून कोरडी लागेल.

साबणाने काच गरम होत नाही हो, पाणी तेवढंच बसतं. फरक असा की कोरड्या काचेवर ते बारीक बारीक थेंबांत बसतं आणि प्रत्येक थेंब प्रकाश इकडेतिकडे फेकतो, म्हणून पांढरं दिसतं. साबणाचा पातळ थर असला की थेंब पसरून एकसंध पापुद्रा होतो आणि त्यातून आरपार दिसतं. भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात घालून काच त्यात बुडवा, झटका, पुसू नका, आपोआप वाळू द्या. पुसलंत की थर गेला, मग म्हणाल काहीही सांगतो!

आणि एन९५ घालूनही आतून वाफ धरत असेल तर साबणाच्या आधी नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नीट दाबून बसवा, कारण श्वास तिथूनच वर निसटतोय आणि मास्क गाळायचं काम तेवढ्यापुरतं करत नाहीये.